व्हिडिओ पोकर: ९/६, ८/५, फुल-पे... हे पे टेबल नक्की वाचायचं कसं?

सहज_विचारलं
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात कंपनीच्या कॉन्फरन्सला लास वेगासला जातोय, पुण्याहून पहिल्यांदाच. संध्याकाळी मोकळा वेळ आहे आणि थोडे पैसे बाजूला काढलेत, गेले तर गेले. स्लॉट मशीनमध्ये मला रस नाही, पण व्हिडिओ पोकरबद्दल वाचलं की तिथे काही मशीन 'फुल-पे' असतात, ९९ टक्क्यांच्या वर परत देतात, आणि शेजारचंच तसंच दिसणारं मशीन ९५ टक्केवालं असू शकतं. आता हा टक्का मशीनवर कुठे लिहिलेला नसतो म्हणतात, मग तो ओळखायचा कसा? ९/६ आणि ८/५ हे जे लोक लिहितात ते काय असतं? ज्यांनी खेळलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

रविवारची_झोप
मी पॉपकॉर्न घेऊन बसलो.

ढगातला_पतंग
पोकर म्हणजे सगळा खेळ समोरच्याचा चेहरा वाचण्याचा. आधी घट्ट खेळायचं, मग एकदम मोठं ब्लफ टाकायचं. आम्ही दिवाळीत भावंडं रात्रभर खेळतो.

अबोली
@ढगातला_पतंग अहो व्हिडिओ पोकरमध्ये समोर कोणी नसतंच, मशीनला ब्लफ देऊन काय होणार :) पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, बाकीचे एकदाच बदलायचे, आणि जे जुळलं त्याचे तक्त्याप्रमाणे पैसे. बास.

चौकटराजा
सोप्पं आहे. ९/६ म्हणजे लूज मशीन, ८/५ म्हणजे टाइट. कॅसिनोवाले आतल्या चिपमध्ये टक्का सेट करतात आणि त्याप्रमाणे पत्ते पडतात. आणि एक टीप, नुकताच रॉयल फ्लश, म्हणजे सगळ्यात मोठा हात, लागून गेलेल्या मशीनवर बसू नका, ते थंड झालेलं असतं.

हेंडरसनकर
मी वेगासला लागूनच राहतो आणि बरीच वर्षं हा खेळ खेळतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

@चौकटराजा, तुम्ही म्हणता ते स्लॉटच्या बाबतीत खरं आहे. तिथे एकाच दिसण्याचं मशीन वेगवेगळ्या टक्क्यांत येतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. पण नेवाडात नियम असा आहे की मशीनवर खऱ्या पत्त्यांचा खेळ दाखवायचा असेल तर प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या ५२ पत्त्यांच्या कॅटइतकीच असली पाहिजे. म्हणजे पत्ते टाइट करताच येत नाहीत. कॅसिनोला हात घालायला एकच जागा उरते, ती म्हणजे बक्षिसांचा तक्ता, आणि तो तर काचेवर सगळ्यांसमोर असतो. आणि थंड-गरम काही नसतं हो, प्रत्येक हाताला कॅट नव्याने पिसला जातो. आत्ताच रॉयल लागला असेल तरी पुढच्या हाताला शक्यता तीच.

आता मूळ प्रश्न. सगळ्यात साधा खेळ 'जॅक्स ऑर बेटर', गुलामांची जोडी किंवा त्याहून वरचं काही लागलं तर पैसे. पडद्यावर वरच्या भागात पाच उभे रकाने दिसतील, एक नाणं लावलं तर काय मिळेल, दोन लावली तर काय, असे पाचपर्यंत. फुल हाउस म्हणजे तीन सारखे आणि एक जोडी, फ्लश म्हणजे पाचही पत्ते एकाच प्रकारचे, जसे सगळे बदाम. पहिल्या रकान्यात फुल हाउसच्या ओळीत ९ आणि फ्लशच्या ओळीत ६ असेल तर ते ९/६. बाकीच्या ओळी म्हणजे स्ट्रेट ४, तीन सारखे ३, दोन जोड्या २, एक जोडी १, या बहुतेक तशाच ठेवतात, कात्री या दोनच ओळींना लावतात. का, तर जोडीचे पैसे कापले तर माणसाला लगेच जाणवतं, फुल हाउसला ९ ऐवजी ८ मिळाले तर नवख्याच्या लक्षातही येत नाही.

उभ्याउभ्या ओळखायचं तर मी शेवटचाच रकाना बघतो, कारण उजेडात तो उठून दिसतो. फुल हाउस ४५ आणि फ्लश ३० दिसलं की ९/६. ४० आणि २५ म्हणजे ८/५. ३० आणि २५ म्हणजे ६/५, तिथून सरळ पुढे चालू लागायचं.

सहज_विचारलं
@हेंडरसनकर वा, हे कुठेच एवढं स्पष्ट मिळालं नव्हतं. पण त्या दोन आकड्यांवरून टक्का कसा काढायचा? की पाठच करायचं?

गणितवेडा
पाठ करायची गरज नाही, एक आकडा लक्षात ठेवा. ९/६ नीट खेळलं तर परतावा ९९.५४ टक्के. आता अचूक खेळणाऱ्याला फुल हाउस साधारण ८७ हातांत एकदा लागतो, म्हणजे १.१५ टक्के हातांत. तिथे एक नाणं कमी दिलं की १.१५ टक्के गेले. फ्लश ९१ हातांत एकदा, म्हणजे तिथे एक नाणं कमी झालं की १.१० गेले. ८/५ मध्ये दोन्हीकडे एकेक कमी, ९९.५४ मधून २.२५ वजा करा, ९७.२९ येतं. कॉम्प्युटरने काढलेला खरा आकडा ९७.३० आहे, कारण तक्ता बदलला की काही हात जरा वेगळे खेळायचे असतात, तेवढाच फरक. याच हिशोबाने ६/५ ला तीन फुल हाउसची आणि एक फ्लशची कात्री, म्हणजे ९५ च्या आसपास, आणि प्रत्यक्षातही ९५.०० च आहे.

थोडक्यात दोन्हीपैकी कुठेही एक नाणं कापलं की सव्वा टक्क्याच्या जरा आत गेलं असं धरा, मशीनसमोर उभं राहून एवढा हिशोब पुरतो.

निवांत
म्हणजे मी १०० डॉलर घातले तर ९९.५४ परत मिळणार? मग तर फुकटच झालं की, वर ड्रिंक पण फ्री :)

गणितवेडा
@निवांत नाही हो, इथेच सगळे फसतात. टक्का खिशातल्या पैशावर नसतो, लावलेल्या एकूण पैशावर असतो. पाव डॉलरचं मशीन, पाच नाणी, म्हणजे एका हाताला सव्वा डॉलर. सराईत माणूस तासाला ६०० हात सहज खेळतो, म्हणजे तासाला ७५० डॉलर लागले, खिशात १०० असले तरी, कारण जिंकलेले परत लागतात. त्या ७५० वर ९/६ ला सरासरी साडेतीन डॉलर जातात, ८/५ ला वीस, ६/५ ला साडेसदतीस. खुर्ची तीच, खेळ तोच.

आणि दुसरं म्हणजे त्या ९९.५४ मधले जवळजवळ २ टक्के एकट्या रॉयल फ्लशचे आहेत, आणि तो सरासरी ४०,००० हातांत एकदा येतो. ६०० च्या वेगाने ६७ तास झाले. चार संध्याकाळ खेळणाऱ्या माणसाला तो बहुतेक दिसणारच नाही, तेव्हा त्याच्यापुरतं मशीन साडेसत्त्याण्णव टक्क्यांचंच आहे. लांब पल्ला म्हणतात तो खरंच लांब असतो.

अबोली
यात एक राहिलं. रॉयलच्या ओळीत पहिल्या चार रकान्यांत २५०, ५००, ७५०, १००० असतं आणि पाचव्यात एकदम ४०००. पाच नाणी लावली नाहीत तर ९/६ मशीनही ९८.३७ वर येतं. त्यामुळे डॉलरवर एक नाणं लावण्यापेक्षा क्वार्टरवर, म्हणजे पाव डॉलरवर, पाच लावावीत, पैसे जवळपास तेवढेच.

निवांत
@अबोली मी नेहमी एकच नाणं लावतो, जास्त वेळ बसता येतं. मला रॉयल लागणार नाहीये हे आत्ताच गणितवेडांनी सांगितलंय, मग त्या चार हजारासाठी पाचपट का लावू?

अबोली
@निवांत हा मुद्दा बरोबर आहे. क्वार्टरला एक नाणं लावून मजा येत असेल तर तासाला जाणारे पैसे कमीच आहेत. टक्का वाईट, पण रक्कम छोटी.

खडूस_आजोबा
एवढी बुद्धी म्युच्युअल फंडात लावली असती तर. माझा सख्खा मेहुणा अमेरिकेत याच नादात घर विकून बसला, त्यालाही सगळे टक्के तोंडपाठ होते. ९९.५४ म्हणजे शेवटी तोटाच ना? मग लोक याला चांगलं मशीन का म्हणतात?

हेंडरसनकर
आजोबा, बरोबर बोललात, ९/६ हा तोट्याचाच खेळ आहे, आणि मेहुण्यांचं वाचून वाईट वाटलं. १०० च्या वरचे तक्ते होते. 'ड्यूसेस वाइल्ड', म्हणजे चारही दुर्र्या जोकर, त्याचा पूर्ण तक्ता १००.७६ चा. पूर्वी वेगासमध्ये क्वार्टरवर तो सहज मिळायचा, आता शोधावा लागतो, आणि जिथे आहे तिथे कॅसिनो मेंबर कार्डचे पॉइंट वगैरे बहुतेक वेळा देत नाही.

तो ओळखायची खूण मात्र वेगळी. तिथे फुल हाउस-फ्लश बघायचं नाही, चार सारख्यांची ओळ बघायची. तिथे ५ हवेत. दुर्र्या जोकर असल्याने चार सारखे जवळजवळ दर १५-१६ हातांत लागतात, त्यामुळे ५ चे ४ केले आणि बाकी काहीच बदललं नाही तरी सहाएक टक्के साफ. मी बघितलंय, शेजारी-शेजारी दोन मशीन, दोन्हीवर नाव 'ड्यूसेस वाइल्ड', आणि लोक ज्यावर रांगेत उभे तेच चारवालं.

गणितवेडा
@हेंडरसनकर यात एक जोडतो, ४ दिसलं म्हणून लगेच टाकून देऊ नका. फुल हाउस ४, फ्लश ३, स्ट्रेट फ्लश १०, पाच सारखे १६ अशी भरपाई असेल तर तो तक्ता ९९.७३ चा आहे, म्हणजे ९/६ पेक्षा वरच. एक-दोन ओळींवरून निकाल जॅक्समध्ये लागतो, ड्यूसेसमध्ये नाही.

चौकटराजा
मग मी परवा अटलांटिक सिटीत ८/५ बघितलं त्यावर मोठ्या अक्षरात 'बोनस पोकर' होतं आणि एक म्हातारा सांगत होता हे इथलं सगळ्यात चांगलं मशीन. तुमच्या हिशोबाने तर ते ९७.३० झालं. कोण खरं?

हेंडरसनकर
@चौकटराजा म्हातारा खरा. हा फार चांगला प्रश्न काढलात. आकड्यांच्या आधी खेळाचं नाव वाचायचं असतं. बोनस पोकरमध्ये चार एक्क्यांना ८०, चार दुर्र्या-तिर्र्या-चव्व्यांना ४० मिळतात, जॅक्समध्ये कुठल्याही चार सारख्यांना २५ च. ती भर पडल्यावर ८/५ हाच त्या खेळाचा फुल-पे तक्ता होतो, ९९.१७. तेच ८/५ जॅक्सवर असलं की ९७.३०.

उलटा सापळाही आहे. 'डबल डबल बोनस' ९/६ बघून लोक खूश होतात, पण तिथे दोन जोड्यांना २ ऐवजी १ च मिळतं. दोन जोड्या ८ हातांत एकदा येतात, म्हणजे तिथेच बारा टक्क्यांच्या वर कापले, आणि ते चार एक्क्यांच्या मोठ्या बक्षिसांतून परत दिलेत. शेवटी ९८.९८ होतं. टक्का फार वाईट नाही, पण पैसे अशा हातांत अडकलेत जे क्वचित येतात, त्यामुळे शंभर डॉलर बघता बघता संपतात.

मुक्काम_पणजी
आमच्याकडे मांडवीतल्या बोटींवरही मशीन आहेत, तिथे हे लागू होईल का? आणि मोबाइलवरच्या पैसे लावायच्या ॲपवर?

हेंडरसनकर
@मुक्काम_पणजी मी सांगतोय तो नियम नेवाडाचा, तो मांडवीत नेऊ नका. अमेरिकेतही सगळीकडे नाही. आदिवासी जमातींच्या काही कॅसिनोत मशीनवर पत्ते दिसतात, पण कोपऱ्यात छोटं बिंगोचं कार्ड असतं. निकाल बिंगोवर ठरतो, पत्ते नुसते चित्र म्हणून. तिथे ४५ आणि ३० दिसलं तरी त्याचा काही अर्थ नाही. कोपऱ्यात बिंगो दिसला की हा सगळा हिशोब बंद. ॲपचं म्हणाल तर भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच केलेत, तेव्हा तो प्रश्नच उरत नाही.

अबोली
आणि सगळे टक्के अचूक खेळणाऱ्याचे आहेत हे विसरू नका. एक उदाहरण देते, माझ्या नवऱ्याशी यावरून वाद झालाय. बदामचे गुलाम, नव्वी, पंजी, दुर्री आणि इस्पिकचा गुलाम. तो म्हणतो चार बदाम आहेत, फ्लश घ्या. जोडी ठेवली तर सरासरी १.५४ नाणी परत येतात, चार बदाम ठेवले तर १.१९. पण तीच जोडी पंजीची असती, म्हणजे पैसे न मिळणारी, तर उलट चार बदाम ठेवायचे. आणि जोडीसोबत उगाच एक्का धरून ठेवणारे तर प्रत्येक मशीनशी दिसतात, त्याने तीन सारखे मिळायची शक्यताच कमी होते. जाण्याआधी फुकटच्या ट्रेनर सॉफ्टवेअरवर थोडा सराव करा, चुकलात की लगेच सांगतो.

सहज_विचारलं
मंडळी, कॉन्फरन्सच्या हॉटेलमधल्या एका ओळखीच्याने फोटो पाठवलेत. एकाच मशीनवर मेनूतून खेळ आणि नाणं दोन्ही निवडता येतं. पाव डॉलर निवडला तर जॅक्स ४०/२५ दिसतं, आणि एक डॉलर निवडला तर तेच जॅक्स ४५/३० होतं! बोनस पोकर पाव डॉलरलाच आहे, तेही ४०/२५. मग काय, डॉलरवर खेळू?

गणितवेडा
असंच असतं, मोठ्या नाण्याला चांगला तक्ता देतात. हिशोब सांगतो. डॉलरला हाताला ५, तासाला ३००० लागले, त्यावर ०.४६ टक्के म्हणजे चौदा डॉलर. क्वार्टरच्या ८/५ ला वीस. म्हणजे चौपट पैसे लावूनही डॉलरवर कमी जातात. मी तर डॉलर म्हणेन.

अबोली
@गणितवेडा हे तुमच्यासाठी ठीक. नवखा माणूस अंदाजे २ टक्के तरी चुकांत घालवतो असं धरा. मग डॉलरवर २.४६ टक्के, तासाला ७४ डॉलर. क्वार्टरवर ४.७ टक्के, तासाला ३५. शिवाय डॉलरला वाईट तास आला तर दोन-तीनशे सहज जातात, पहिल्याच संध्याकाळी खिसा रिकामा.

निवांत
आणि मी सांगू का, ते भारतातून जातायत. माझ्या मित्राला तिथे डॉलर मशीनवर रॉयल लागला, चार हजार. पासपोर्ट बघितला आणि ३० टक्के कर कापून हातात २८०० दिले. क्वार्टरचा १००० चा रॉयल मात्र कर कापायच्या मर्यादेखाली असल्याने तसाच मिळतो.

गणितवेडा
@निवांत हे माझ्या डोक्यातच नव्हतं, मी अमेरिकेतल्या रहिवाशाच्या नजरेने बघत होतो. १२०० कापले म्हणजे २४० हातांच्या लावणीइतके, ४०,००० हातांत एकदा, म्हणजे ०.६ टक्के. मग त्यांच्यासाठी डॉलरचं ९/६ ९८.९५ वर आलं, तासाला ३१ डॉलर. क्वार्टरचं ८/५ बोनस ९९.१७, तासाला सहा. यात आता वादच नाही, बोनस पोकर, क्वार्टर, पाच नाणी.

हेंडरसनकर
मीही तेच म्हणतो. बोनस थोडं वेगळं खेळावं लागतं, पण जॅक्सची पद्धत शिकलात तरी फार थोडं सुटतं. आणि बसण्याआधी मेनूतून खेळ निवडून तक्ता पुन्हा वाचा, फोटो काढल्यानंतरही तक्ते रात्रीत बदलतात.

रविवारची_झोप
पॉपकॉर्न संपले पण आता मलाही जावंसं वाटतंय.

सहज_विचारलं
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं, फोटोत भिंतीला एक रांग आहे, वर फिरता आकडा १९४० डॉलर आणि तक्ता जॅक्स ८/५, क्वार्टर. तो आकडा रॉयलचा आहे ना? हे बोनसपेक्षा बरं का?

गणितवेडा
हो, हा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे रॉयल लागेपर्यंत आकडा चढत राहतो. क्वार्टरचा साधा रॉयल १००० चा, इथे ९४० जास्त, म्हणजे ७५२ हातांच्या लावणीइतके. भागिले ४०,३९१ केलं की १.८६ टक्के. ९७.३० मध्ये मिळवा, ९९.१६. बोनसच्या ९९.१७ ला येऊन भिडला. रॉयलकडे थोडं जास्त झुकून खेळलात तर अजून थोडा वर जाईल, आणि बाविसशेच्या आसपास पोचला की शंभराला टेकतो. पण १९४० चा रॉयल कापणीच्या मर्यादेत बसतो का हे आधी नीट तपासा, तिथे हिशोब उलटा फिरू शकतो.

हेंडरसनकर
आणि त्या रांगेत जागा मिळाली तर. आकडा एवढा चढला की इथले म्हातारे सकाळीच येऊन बसतात. शिवाय रॉयल लागेपर्यंत ते ९७.३० चंच मशीन आहे, तुमच्या चार संध्याकाळींसाठी मी बोनसच घेईन. गणितवेडा काय म्हणतील माहीत नाही.

गणितवेडा
मी प्रोग्रेसिव्ह घेईन :) पण माझा खिसा वेगळा.